आधी घेतलेले युनिट आधी विकले जाते, हे ठरले कसे?

म्युच्युअल फंडातून थोडे पैसे काढताना आपण फक्त रक्कम किंवा युनिट्सची संख्या सांगतो. कोणत्या तारखेचे युनिट विकायचे, हे कोणी विचारत नाही आणि फॉर्मवर तसा रकानाही नसतो. तरीही कर ठरतो तो त्या तारखेवरच. ती तारीख निवडण्याचे काम ‘फिफो’ करते, म्हणजे जे युनिट आधी आले ते आधी बाहेर पडले असे धरायचे. हा नियम म्युच्युअल फंडांसाठी जन्मला नाही. त्याची मुळे कागदी शेअर सर्टिफिकेटांच्या काळात आहेत.

त्या काळी प्रत्येक शेअरला स्वतःचा क्रमांक होता. एकाच कंपनीचे शंभर शेअर 1985 साली आणि आणखी शंभर 1992 साली घेतले असतील, तर विकताना हातात कोणते सर्टिफिकेट दिले यावरून कोणते शेअर गेले ते कळत असे. महाग घेतलेले आधी विकून नफा कमी दाखवायचा की जुने विकून दीर्घकालीन नफ्याची सवलत घ्यायची, हे गुंतवणूकदार ठरवू शकत होता. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 28 एप्रिल 1995 रोजी काढलेले परिपत्रक क्रमांक 704 या संदर्भात वाचण्यासारखे आहे. शेअर वेगवेगळ्या वेळी, अनेक लॉटमध्ये घेतले असतील आणि सर्टिफिकेटच्या क्रमांकांवरून खरेदी-विक्रीची जोडी लावता येत नसेल, तरच फिफो वापरा, असे त्यात म्हटले होते. म्हणजे फिफो तेव्हा अडचणीपुरता पर्याय होता.

1996 च्या डिपॉझिटरी कायद्याने हे चित्र पालटले. डिमॅटमध्ये शेअरचा क्रमांकच नाहीसा झाला. खात्यात उरली फक्त संख्या, आणि एक शेअर दुसऱ्यापासून वेगळा ओळखण्याची सोय राहिली नाही. म्हणून 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात कलम 45(2ए) आले आणि डिपॉझिटरीतल्या, म्हणजे डिमॅट खात्यातल्या, रोख्यांची खरेदी किंमत व धारण कालावधी फिफोनेच ठरवायचा, असा नियम झाला. कालचा पर्याय सक्तीचा झाला.

फोलिओतल्या, म्हणजे फंड कंपनीकडच्या खात्यातल्या, म्युच्युअल फंड युनिट्सनाही असे क्रमांक नसतात. स्टेटमेंटवर तारीख, एनएव्ही आणि संख्या एवढेच असते. 45(2ए) ची भाषा डिपॉझिटरीपुरती असली, तरी ज्या कारणाने तिथे फिफो आला तेच कारण इथेही पूर्ण लागू पडते, आणि फंडांच्या नोंदी ठेवणारे रजिस्ट्रारही भांडवली नफ्याचे स्टेटमेंट याच पद्धतीने बनवतात. एसआयपीचा प्रत्येक हप्ता हा स्वतंत्र लॉट असतो. म्हणूनच ‘एसआयपीला वर्ष झाले, आता सगळे दीर्घकालीन’ ही समजूत चुकीची आहे. इक्विटी फंडात बाराव्या महिन्यानंतर फक्त पहिला हप्ता दीर्घकालीन होतो, बाकीचे महिन्यामागून महिना त्या रांगेत येतात.

बरीच वर्षे या रांगेकडे फारसे कोणी पाहिले नाही, आणि त्याला कारण होते. 1 ऑक्टोबर 2004 पासून रोखे उलाढाल कर भरलेल्या इक्विटी फंडांचा दीर्घकालीन नफा करमुक्त होता. लॉट वर्षाच्या अलीकडचा की पलीकडचा एवढेच पाहायचे. नेमका नफा किती, हा प्रश्न अल्पकालीन लॉटपुरताच उरत असे. 2018 च्या अर्थसंकल्पाने दीर्घकालीन नफ्यावर पुन्हा कर आणला, पण 31 जानेवारी 2018 पर्यंतची वाढ वाचवली. तेव्हापासून प्रत्येक जुन्या लॉटची किंमत स्वतंत्रपणे काढावी लागते. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीला दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के आणि अल्पकालीन नफ्यावर 20 टक्के दर लागू झाला. दीर्घकालीन नफ्यातला वर्षाला 1,25,000 रुपयांपर्यंतचा भाग करातून सुटतो.

एक उदाहरण सोडवून पाहू. एका इक्विटी फंडाच्या एकाच फोलिओत तीन खरेदी आहेत. ऑगस्ट 2016 मध्ये 20 रुपयांनी 10,000 युनिट्स, जून 2021 मध्ये 40 रुपयांनी 5,000 आणि फेब्रुवारी 2025 मध्ये 50 रुपयांनी 4,000. सप्टेंबर 2025 मध्ये 60 रुपये एनएव्हीने 17,000 युनिट्स काढली.

पहिले 10,000 आधी गेले. 31 जानेवारी 2018 ला एनएव्ही 30 रुपये होती असे धरू. विक्रीची किंमत त्याहून जास्त असल्याने खरेदी किंमत 20 ऐवजी 30 धरता येते आणि नफा 3,00,000 रुपये होतो. दुसऱ्या लॉटमधून पूर्ण 5,000 गेले, नफा 1,00,000. उरलेली 2,000 युनिट्स तिसऱ्या लॉटमधली, जेमतेम सात महिन्यांची, म्हणून त्यांचा 20,000 रुपयांचा नफा अल्पकालीन. दीर्घकालीन 4,00,000 मधून 1,25,000 वजा केल्यावर 2,75,000 वर 34,375 रुपये कर, आणि अल्पकालीनवर 4,000. एकूण 38,375, त्यावर 4 टक्के उपकर धरून 39,910 रुपये. या वर्षात या प्रकारचा दुसरा नफा नाही आणि अधिभार लागत नाही, असे इथे गृहीत धरले आहे.

आता अ‍ॅपवर दिसणाऱ्या सरासरी किमतीने हिशेब केला तर? सहा लाखांत 19,000 युनिट्स, म्हणजे सरासरी सुमारे 31.58 रुपये आणि नफा सुमारे 4,83,000. फिफोने निघालेल्या एकूण 4,20,000 शी तो जुळत नाही, आणि त्यातला अल्पकालीन भाग किती हेही त्यातून कळत नाही. विवरणपत्र भरताना सरासरी किंमत बाजूला ठेवावी, असे मला ठामपणे वाटते. उरलेल्या 2,000 युनिट्सची किंमतही आता 50 रुपये आहे, 31.58 नाही.

हीच रांग दोन ठिकाणी थांबते. पहिली मर्यादा खात्याची. 24 जून 1998 च्या परिपत्रक क्रमांक 768 ने डिमॅटसाठी स्पष्ट केले की फिफो प्रत्येक खात्याला वेगळा लागतो. फंडांचे रजिस्ट्रारही प्रत्येक फोलिओची रांग वेगळी धरतात. वरच्या उदाहरणात फेब्रुवारी 2025 ची खरेदी दुसऱ्या फोलिओत असती, तर कोणत्या फोलिओतून काढायचे हे गुंतवणूकदाराच्या हातात राहिले असते. कागदी सर्टिफिकेटाबरोबर गेलेली निवड एवढ्यापुरती परत मिळते.

दुसरी मर्यादा मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण चुका तिथेच होतात. त्याच परिपत्रकानुसार डिमॅटमध्ये रांग ठरते खात्यात नोंद झालेल्या तारखेने, तर धारण कालावधी मोजायचा मूळ खरेदीपासून. फोलिओच्या स्टेटमेंटमधली जुनी युनिट्स डिमॅटमध्ये नेली, की ती रांगेत मागे जाऊ शकतात. त्यांचे वय मात्र तेच राहते. ब्रोकरच्या अहवालात त्यांची खरेदी तारीख म्हणून रूपांतराचा दिवस आणि किंमत म्हणून शून्य दिसू लागली, तर तो अहवाल तसाच भरू नये. फंडाच्या मूळ स्टेटमेंटमधून प्रत्येक लॉटची तारीख आणि एनएव्ही घेऊन तो दुरुस्त करावा, नाहीतर नऊ वर्षे जुनी युनिट्स अल्पकालीन ठरतात आणि पूर्ण विक्री किंमत नफा म्हणून मोजली जाते.