चीट मील आणि रिफीड

वजन उतरवण्यासाठी मोजून खाणारे लोक अधूनमधून मुद्दाम जास्त खातात, त्याचे हे दोन प्रकार. चीट मीलमध्ये त्या एका जेवणापुरते मोजमाप सोडून दिलेले असते. रिफीडमध्ये दिवस आणि प्रमाण आधी ठरते. त्या दिवशी वजन स्थिर राहील इतक्या कॅलरी घेतात आणि वाढीव भाग मुख्यतः कर्बोदकांतून येतो. (दीर्घ उपासमारीनंतर अन्न सुरू करताना उद्भवणारा रिफीडिंग सिंड्रोम हा वेगळाच, गंभीर विकार आहे.)

फरक कळतो तो आठवड्याच्या बेरजेत. समजा एखाद्याचे वजन रोज २,२०० कॅलरींवर स्थिर राहते आणि तो १,७०० खातो. रोजची तूट ५००, आठवड्याची ३,५००. शनिवारी रात्री नेहमीच्या ६०० कॅलरींऐवजी तो २,६०० कॅलरींचे जेवला, तर आठवड्याची तूट १,५०० वर येते. बाकी एकही घास इकडचा तिकडे झालेला नसतो! असे जेवण रविवारीही झाले, तर तूट संपून वर ५०० कॅलरी जास्तच होतात. त्याच शनिवारी रिफीड केला असता, तर ५०० कॅलरी, म्हणजे सुमारे १२५ ग्रॅम कर्बोदके वाढली असती आणि तूट ३,००० राहिली असती.

२,६०० हा आकडा अवास्तव वाटतो, पण तळलेले पदार्थ, गोड पेय आणि शेवटी गोडाचा पदार्थ असे जेवण सहज तिथवर जाते. तेलाच्या प्रत्येक ग्रॅममागे ९ कॅलरी असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी वजनकाटा दीड किलो जास्त दाखवतो, तेव्हा घाबरायचे कारण नसते. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, त्यामुळे २,००० जास्तीच्या कॅलरींतून फार तर पाव किलोच्या आसपास चरबी होईल. बाकीचे वजन आतड्यातल्या अन्नाचे, मिठामुळे अडलेल्या पाण्याचे आणि ग्लायकोजेनचे, म्हणजे शरीरात साठवलेल्या कर्बोदकांचे. स्नायू व यकृतात साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते. रिफीडनंतरही काटा याच कारणाने चढतो आणि काही दिवसांत उतरतो. एका सकाळच्या आकड्यावरून म्हणूनच काही ठरवू नये. तीन-चार आठवड्यांच्या साप्ताहिक सरासरीत उतार दिसत नसेल, तर शनिवारच्या ताटाकडे पाहावे.

रिफीडने ‘चयापचय पेटते’ हा दावा मात्र फुगवलेला आहे. कर्बोदके वाढवल्यावर लेप्टिन हे तृप्तीशी निगडित संप्रेरक वाढते खरे, पण एका दिवसाची वाढ टिकत नाही. खरा फायदा जड व्यायामासाठी ग्लायकोजेन भरून निघण्याचा आणि ठरल्याप्रमाणे खाल्ल्याने अपराधी न वाटण्याचा. ज्यांना अनावर खाण्याचे झटके येतात, त्यांच्या बाबतीत चीट मील तोच झटका सुरू करून देऊ शकते, आणि मग पुढच्या दिवशी उपाशी राहून भरपाई करण्याचे चक्र लागते.