शेअर्ड मेमरी: वाचवलेल्या कॉपीचा हिशेब

ऑपरेटिंग सिस्टिमच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य इतक्या वेळा भेटते की ते पाठ करून लिहिले आहे हे लगेच कळते: ‘शेअर्ड मेमरी वेगवान असते, मेसेज पासिंग संथ पण सोपे असते.’ हे वाक्य सरळसरळ चुकीचे नाही, म्हणूनच ते अधिक त्रासदायक आहे. हा वेग किती मजकुरासाठी मिळतो आणि कोणते काम टाळल्यामुळे मिळतो, एवढे विचारले तरी लिहिणारा अडखळतो. टाळलेले ते काम पुढे कोणाला करावे लागते, हा प्रश्न तर सहसा कोणी विचारतच नाही. या लेखात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

एक ठोस उदाहरण घेऊ. एक प्रोसेस पडद्यावर दाखवायचे चित्र तयार करते आणि दुसरी ते पडद्यावर आणते. चित्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचे आहे आणि प्रत्येक बिंदूला ४ बाइट लागतात, म्हणजे एका चित्राचे ८२,९४,४०० बाइट झाले. सेकंदाला ६० चित्रे पाठवायची म्हटली, तर दर सेकंदाला सुमारे ५० कोटी बाइट एका प्रोसेसकडून दुसरीकडे जायला हवेत. प्रत्येक प्रोसेसचे पेज टेबल वेगळे असल्यामुळे एकीची मेमरी दुसरीला दिसत नाही, हे वाचकांना ठाऊक आहेच.

हे चित्र पाइपमधून पाठवले, तर पाठवणारी प्रोसेस `write()` बोलावते आणि कर्नल तिच्या मेमरीतून बाइट उचलून स्वतःच्या मेमरीत ठेवतो. घेणारी प्रोसेस `read()` बोलावते, तेव्हा कर्नल तेच बाइट तिच्या मेमरीत उतरवून देतो. अशा प्रकारे प्रत्येक बाइटाची दोनदा कॉपी होते आणि आपल्या ५० कोटींचे १०० कोटी होतात. शिवाय लिनक्समध्ये पाइपची नेहमीची क्षमता ६५,५३६ बाइट असते, त्यामुळे एका चित्रात अशा १२६ पाइप भरून वर काही उरेल इतका मजकूर असतो. पाइप भरली की पाठवणारी झोपते आणि रिकामी झाली की घेणारी झोपते. त्यांना उठवण्याचे काम कर्नल करत राहतो.

शेअर्ड मेमरीत ही ओढाताण नाही. एक प्रोसेस `shm_open()` करून मेमरीला नाव देते, `ftruncate()` करून तिचा आकार ठरवते, आणि मग दोन्ही प्रोसेस `mmap()` करून ती आपापल्या पत्त्यांवर बसवून घेतात. ४,०९६ बाइटांचे एक पेज धरले, तर आपले चित्र बरोबर २,०२५ पेजांत मावते. दोन्ही प्रोसेसच्या पेज टेबलांतील त्या २,०२५ नोंदी एकाच भौतिक मेमरीकडे बोट दाखवू लागल्या की कर्नलचे काम संपले. त्यानंतर पहिल्या प्रोसेसने रंगवलेला बिंदू दुसरीला थेट दिसतो. मध्ये ना सिस्टिम कॉल, ना कॉपी.

मात्र हाच हिशेब ६४ बाइटांच्या छोट्या निरोपासाठी मांडला, तर चित्र पालटते. ६४ बाइटांची कॉपी काही नॅनोसेकंदांत उरकते. खरा खर्च होतो तो सिस्टिम कॉलवर आणि त्याहून अधिक झोपलेल्या प्रोसेसला उठवण्यावर, आणि हा दुसरा खर्च साधारण काही मायक्रोसेकंदांच्या घरात जातो. शेअर्ड मेमरी वापरणारी प्रोसेससुद्धा वाट पाहताना झोपणार असेल, तर तिला उठवण्याचा खर्च तसाच राहतो. म्हणजे छोट्या निरोपांसाठी शेअर्ड मेमरी निवडणारा बहुतेक वेळा जो खर्च मुळात नगण्य होता तोच वाचवत असतो.

आता टाळलेल्या कामाकडे वळू. पाइपमधून मजकूर पाठवताना कर्नल नुसती हमाली करत नव्हता. जेवढा मजकूर लिहून झाला आहे तेवढाच घेणाऱ्या प्रोसेसच्या हाती लागू देण्याचे कामही तोच करत होता. शेअर्ड मेमरीत कर्नल बाजूला झाल्यावर ही राखण आपल्याकडे येते, आणि बहुतेक विद्यार्थी ती अशी करतात:

```c
/* पाठवणारी प्रोसेस */
draw(shm->data);
shm->ready = 1;

/* घेणारी प्रोसेस */
while (shm->ready == 0)
    ;
show(shm->data);
```

कागदावर हे निर्दोष दिसते. आधी चित्र पूर्ण होते, मग `ready` चा झेंडा वर जातो, आणि झेंडा दिसल्यावरच दुसरी प्रोसेस चित्र वाचते. तरीही हा कार्यक्रम तीन वेगवेगळ्या ठिकाणी फसू शकतो.

पहिली फसगत कंपायलरच्या पातळीवर होते. रिकाम्या लूपमध्ये `ready` कोणी बदलताना कंपायलरला दिसत नाही, कारण बदलणारी प्रोसेस त्याच्या नजरेच्या बाहेर असते. त्यामुळे तो ती किंमत एकदाच वाचून रजिस्टरमध्ये ठेवू शकतो, आणि मग झेंडा वर गेला तरी लूप कायमचा फिरत राहतो. दुसरी फसगतही कंपायलरचीच आहे: `draw` चे काम त्याने जागच्या जागी उलगडले असेल, तर चित्राचे काही बिंदू लिहिण्याआधी झेंडा लिहिण्याची त्याला मुभा आहे, कारण एकट्या प्रोसेसच्या दृष्टीने त्या क्रमाने काहीच बिघडत नाही.

तिसरी फसगत मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती थेट प्रोसेसरमध्ये घडते. प्रोसेसरचा प्रत्येक कोअर आपले लिखाण आधी स्वतःच्या एका छोट्या रांगेत ठेवतो आणि मग सवडीने कॅशमध्ये पोचवतो. समजा, चित्राचा शेवटचा बिंदू ज्या कॅश लाइनवर जायचा आहे ती सध्या दुसऱ्या कोअरकडे आहे आणि झेंड्याची लाइन मात्र आपल्याच हाताशी आहे. एआरएम प्रोसेसरला अशा वेळी झेंडा आधी पोचवून बिंदू मागाहून पोचवण्याची परवानगी असते. घेणारा कोअरही आपल्या बाजूने वाचनांचा क्रम बदलू शकतो. परिणामी दुसऱ्या प्रोसेसला झेंडा वर गेलेला दिसतो, पण त्याखाली चित्राचा एक पट्टा जुनाच असतो. इंटेल आणि एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरांत एका कोअरची साधी लिखाणे इतरांना त्याच क्रमाने दिसतात, म्हणून हा दोष लॅपटॉपवर महिनोन्‌महिने दडून राहतो आणि तोच कार्यक्रम फोनच्या प्रोसेसरवर चालवला की डोके वर काढतो. त्यातून शोधासाठी मध्ये एक `printf` घातला की वेळेचे गणित बदलते आणि दोष पुन्हा गायब होतो. तपासायला गेले की नाहीसा होणारा दोष दिसला, तर पहिला संशय क्रमावरच घ्यावा.

या दोषावर `volatile` हा शब्द ताइतासारखा बांधण्याची प्रथा फार जुनी आहे. झेंड्याला `volatile` लावल्यावर कंपायलर तो दर वेळी मेमरीतून वाचतो, म्हणजे पहिली फसगत टळते. पण आजूबाजूच्या साध्या लिखाणांचा क्रम तो राखत नाही आणि प्रोसेसरला तर त्याचा पत्ताही नसतो. `usleep(1000)` घालून ‘आता चालते’ म्हणणे हे त्याच कुळातले आहे. खरा उपाय सी भाषेने २०११च्या मानकात दिला आहे. त्यासाठी `ready` हे `atomic_int` म्हणून जाहीर करायचे आणि पुढीलप्रमाणे लिहायचे:

```c
atomic_store_explicit(&shm->ready, 1,
                      memory_order_release);

while (atomic_load_explicit(&shm->ready,
                            memory_order_acquire) == 0)
    ;
```

`release` चा अर्थ असा, की या ओळीच्या आधीची सर्व लिखाणे झेंड्याच्या मागे राहता कामा नयेत. `acquire` चा अर्थ असा, की झेंडा दिसण्यापूर्वी पुढचे वाचन सुरू होता कामा नये. दोन्ही जोडीनेच लागतात. एकाच बाजूला लावून उपयोग नाही.

हा लूप आता बरोबर चालतो, पण वाट पाहताना एक अख्खा कोअर जाळतो. तो वाचवण्यासाठी सेमाफोर घेतला, तर झोपवायला आणि उठवायला कर्नल परत येतो. म्हणजे ज्याला दाराबाहेर काढले त्यालाच पहाऱ्यासाठी बोलवावे लागते.

शिवाय प्रोसेस मध्येच मेली तर काय, हा प्रश्न उरतोच. पाइपच्या लिहिणाऱ्या टोकाशी कोणी उरले नाही की आतला मजकूर संपल्यावर `read()` शून्य परत करते. वाचणारे कोणी उरले नाही, तर लिहिणारीला `SIGPIPE` मिळतो. कर्नलच मध्ये असल्यामुळे त्याला मृत्यूची बातमी असते आणि तो ती पोचवतो. शेअर्ड मेमरीत मात्र सेमाफोर हाती असताना प्रोसेस मेली, तर सेमाफोर तसाच अडकून राहतो आणि दुसरी प्रोसेस कधीही न येणाऱ्या पाळीची वाट पाहत बसते. ही मेमरीही प्रोसेसबरोबर जात नाही. लिनक्सवर `ls /dev/shm` केले की अशा बेवारस मेमरीची नावे दिसतात. पीथ्रेडच्या म्युटेक्सला `PTHREAD_MUTEX_ROBUST` हा गुण दिला असल्यास पुढच्या प्रोसेसला कुलूप मिळताना `EOWNERDEAD` ही सूचना मिळते, पण अर्धवट राहिलेला मजकूर सावरणे तिच्याच माथी येते.

लिनक्सच्या पडद्यामागील वेलँड या व्यवस्थेने यावर काढलेला तोडगा नीट पाहण्यासारखा आहे. तिथे चित्र शेअर्ड मेमरीत असते, पण त्या मेमरीचा फाइल डिस्क्रिप्टर सॉकेटमधून, म्हणजे मेसेज पासिंगने, पाठवला जातो. चित्र रंगवून झाले की अनुप्रयोग `commit` हा छोटा निरोप त्याच सॉकेटवर धाडतो. पडदा सांभाळणारी प्रोसेस, म्हणजे कंपोझिटर, आपले वाचन झाले की `release` कळवते. त्या दोन निरोपांच्या मध्ये अनुप्रयोगाने त्या मेमरीला हात लावायचा नाही, असा करार असतो. ८३ लाख बाइट जागचे हलत नाहीत. हलतात ते फक्त काही मोजक्या बाइटांचे निरोप. क्रम राखणे, झोपवणे-उठवणे आणि मृत्यूची बातमी देणे ही कामे सॉकेटकडे, म्हणजे पुन्हा कर्नलकडेच, सोपवलेली असतात. दुसरे चित्र रंगवण्यासाठी अनुप्रयोग सहसा आणखी एक बफर हाताशी ठेवतो, म्हणजे `release` ची वाट पाहत त्याला रिकामे बसावे लागत नाही.

तरीही करार म्हणजे भिंत नव्हे. अनुप्रयोगाने `release` येण्याआधीच पुढचे चित्र रंगवायला घेतले, तर पडद्यावर अर्धे जुने आणि अर्धे नवे चित्र दिसते. तेवढे नुकसान त्याचे त्यालाच भोगावे लागते. याहून वाईट शक्यता अशी, की तो `ftruncate()` करून मेमरी मध्येच आखूड करेल. तसे झाले तर कंपोझिटर नाहीशा झालेल्या पेजवर वाचायला जातो, त्याला `SIGBUS` मिळतो, आणि एका बेशिस्त अनुप्रयोगापायी सगळा पडदा कोसळू शकतो. म्हणून वेलँडच्या लायब्ररीत हा सिग्नल पकडून त्या जागी शून्यांनी भरलेली मेमरी बसवण्याची सोय केलेली आहे. २०१४ साली लिनक्स ३.१७मध्ये आलेल्या `memfd_create()` ने अधिक सरळ मार्ग दिला: मेमरी तयार करून तिच्यावर `F_SEAL_SHRINK` हे सील लावले की ती पुन्हा कोणालाही आखूड करता येत नाही, आणि सील आहे की नाही हे घेणाऱ्या प्रोसेसला वाचण्याआधी तपासता येते.