टाचेमागचं हाड बुटाने दबतं का?

"टाचेमागे हाड वर आलंय. घट्ट बूट घालत राहिलं की दबून बसतं म्हणतात, खरं का?"

नाही. हाड तसंच राहतं. त्याच्या आणि टाचेच्या जाड शिरेच्या मधली पाण्याची बारीक पिशवी घासून सुजते, म्हणून गाठ वाढल्यासारखी वाटते. ही सूज मात्र उतरते.

शिरोली एमआयडीसीत सेफ्टी शूज घालणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी मागची कड मऊ असलेले बूट घेतले, दोन्ही बुटांत टाचेखाली सेंटीमीटरभर पॅड ठेवलं. टाच उचलली की शिरेचा ताण कमी होतो. संध्याकाळी फडक्यातून दहा मिनिटं बर्फ. कोल्हापुरी चप्पल मागून उघडी, त्यामुळे घासत नाही. पण सपाट असल्याने शीर ताणते, लांब चालायला नको.

टाच लाल, गरम झाली किंवा मधुमेह असेल, तर थेट डॉक्टरांकडे जा.