पाळी जातानाचं रक्त आणि पाळी गेल्यावरचं रक्त

बहिणींनो, हप्त्यांचा हिशेब झाला आहे, तर आता थोडा वेळ मला द्या. चाळिशी ओलांडलेल्या बाईला अंगावरून जास्त गेलं, अवेळी गेलं, की घरातली थोरली बाई म्हणते, "पाळी जायची वेळ आलीय, असंच होतं." पुष्कळदा ते खरंही असतं. पण दोन निराळ्या गोष्टींना हे एकच उत्तर दिलं जातं, आणि त्यातली दुसरी गोष्ट वर्ष-दोन वर्षं अंगावर काढली जाते. म्हणून त्या दोन्ही आज समोरासमोर ठेवते.

पहिली, पाळी जातानाची गडबड. आपल्या देशात पाळी साधारण 46-47 च्या आसपास जाते, आणि त्याआधी काही वर्षं ती विस्कटते. या वयात दर महिन्याला बीज बाहेर पडेलच असं नसतं. बीज बाहेर पडलं नाही की पिशवीच्या आतलं अस्तर वेळेवर झडत नाही, वाढत राहतं आणि मग एकदम जातं. म्हणून दोन महिने काहीच नाही आणि तिसऱ्या महिन्यात जास्त, असं होतं. या गडबडीची खूण अशी, की पाळ्यांमधलं अंतर हळूहळू वाढत जातं. मधल्या दिवसांत अंग कोरडं असतं. रक्त आलं तरी आठवड्याभरात थांबतं.

दुसरी, पाळी गेल्यावरचं रक्त. शेवटच्या पाळीनंतर सलग 12 महिने काहीच गेलं नाही, की पाळी गेली असं धरतात. त्यानंतर जे येईल ती पाळी नव्हे. "माझी पाळी परत आली" असं बायका कौतुकानं सांगतात तेव्हा मला धस्स होतं. रक्त किती आलं यावर इथे काही ठरत नाही. परकरावर एक डाग, लघवीनंतर पुसताना दिसलेली गुलाबी छटा, तपकिरी पाण्यासारखं जाणं, आणि तेही एकदाच, तरी तपासणी करायची. पुन्हा येतंय का याची वाट पाहायची नाही.

घाबरवायचं म्हणून हे सांगत नाही. असं रक्त आलेल्या 10 बायकांपैकी साधारण 9 जणींना कॅन्सर नसतो. आतली त्वचा पातळ, कोरडी झालेली असते, किंवा लहानसा मांसल कोंब असतो. पण दहावी कोण, हे बाहेरून सांगता येत नाही. तिलाही दुखत नसतं, वजन उतरलेलं नसतं, ती रोजची कामं करत असते. वजन जास्त असेल, साखर किंवा बीपी असेल, मूल झालेलं नसेल, स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असेल, तर धोका जास्त. वजनाचा संबंध असा, की पाळी गेल्यावरही अंगातली चरबी ते संप्रेरक थोडं थोडं बनवत राहते, ज्यानं पिशवीचं अस्तर वाढतं.

समजा, एक 53 वर्षांची ताई आहे. पाळी जाऊन 2 वर्षं झालीत, अंगानं स्थूल, साखरेची गोळी चालू. एका सकाळी तिला डाग दिसतो. ती दवाखान्यात जाते. डॉक्टर आधी आतून तपासतात. योनीत छोटं उपकरण घालून पिशवीचं तोंड डोळ्यांनी बघतात. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. ते तोंड ठीक दिसतं. मग आतून सोनोग्राफी होते, तिच्यात पिशवीच्या अस्तराची जाडी मोजतात. पाळी गेलेल्या बाईत ती 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असली तर कॅन्सरची शक्यता फारच कमी. हिची 11 निघते. मग बारीक नळीनं अस्तराचा तुकडा काढतात. कळ येते, पाळीतल्यासारखी, पण बहुतेकींना त्यासाठी भूल लागत नाही. तुकड्याचा अहवाल येईपर्यंत कुणीही नक्की काही सांगू शकत नाही. अस्तर नुसतं वाढलेलं असेल तर गोळ्यांनी किंवा पिशवीत बसवायच्या औषधी तांबीनं भागू शकतं. कॅन्सर असेल आणि पिशवीबाहेर गेला नसेल, तर ऑपरेशननं बहुतेक बायका बऱ्या होतात. ही ताई पहिल्या डागाला आली, म्हणून हे सगळे मार्ग तिच्यासमोर उघडे आहेत.

एक फसगत नेहमी होते, ती नीट ऐका. "सोनोग्राफी केली, नॉर्मल आली" म्हणून बाई निश्चिंत होते. सोनोग्राफीत अस्तराची जाडी कळते, पण पिशवीच्या तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर तिच्यात बहुधा दिसत नाही. त्यासाठी आतून तपासून बघावंच लागतं. कुणी आतून न तपासता नुसता कागद हातात दिला, तर तपासणी अर्धीच झाली आहे असं समजा.

पिशवीच्या तोंडाचा आजार पाळी चालू असतानाही होतो. नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडणं, घाण वासाचं, पाण्यासारखं, लालसर जात राहणं, या त्याच्या खुणा. पांढरं जाणं सगळंच वाईट नसतं. बीज सुटायच्या दिवसांत पारदर्शक, चिकट, बिनवासाचं जातं, ते निरोगी अंगाचं. खाज सुटून दह्यासारखं जात असेल तर बहुधा बुरशीचा संसर्ग, तो औषधानं जातो. पण औषध घेऊनही जात राहिलं, किंवा त्यात रक्त मिसळलं, तर पुन्हा दाखवा.

सरकारी आरोग्य कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी दर 5 वर्षांनी पिशवीच्या तोंडाची तपासणी आहे. त्यात सौम्य आम्लाचं पाणी लावून मिनिटभर थांबतात आणि पांढरा चट्टा उमटतो का ते बघतात. ती करून घ्या. पण ती काहीच त्रास नसलेल्या बाईसाठी आहे. गेल्या वर्षी ती चांगली आली होती म्हणून आजचा डाग सोडून देता येत नाही.

दवाखान्याचं नाव काढलं की "पिशवी काढतील" ही भीती मनात येते, ती मला ठाऊक आहे. बीडमध्ये ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याचं 2019 मध्ये गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. ती भीती खोटी नाही. म्हणून ऑपरेशनचं कुणी सांगितलं तर विचारा, "तुकडा तपासायला पाठवला का? अहवाल कुठे आहे?" पांढरं जातंय एवढ्यावर पिशवी काढायची नसते. रक्ताचा पूर आला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा वेळ दवडू नका. तासातासाला पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पाळी अजून जायची आहे त्यांनीही चार गोष्टी लक्षात ठेवा. 21 दिवसांच्या आत परत येणं, 8 दिवसांहून जास्त चालणं, मोठाल्या गाठी पडणं, मधेच डाग दिसणं, हे पाळी जाताना "होतंच" असं समजू नका, दाखवा.

जाताना शेवटच्या पाळीची तारीख आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. रक्त चालू आहे म्हणून लाजून थांबू नका, तशातही तपासता येतं. रक्त लघवीतून येतंय, शौचाच्या जागेतून की योनीतून, हे कळत नसेल तर तसंच सांगा, ते शोधणं डॉक्टरांचं काम आहे. एकटीला जायला धीर होत नसेल तर गटातली कुणीतरी सोबत जा, किंवा आशाताईंना सांगा.