वाळूचा ढीग खरंच चार ब्रास आहे का? टेप लावून बघू

चलनावर लिहिलंय चार ब्रास, म्हणजे 400 घनफूट. गाडी रिकामी करून ड्रायव्हर सही मागतोय, आणि समोर वाळूचा एक ढीग आहे. ढीग डोळ्यांनी मापता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बरेच जण "असेल असेल" म्हणत सही करून टाकतात. मी अशा वेळी पाच मिनिटं मागून घेतो, दोन मजुरांकडून फावड्याने ढिगाचा माथा सपाट करून घेतो आणि बाजू थोड्या सरळ. मग तो ढीग छाटलेल्या पिरॅमिडसारखा दिसायला लागतो, खाली मोठा आयत, वर छोटा आयत, आणि चारही बाजूंनी उतार.

एका ढिगाची मापं अशी आली. खाली 20 बाय 12 फूट, वर 11 बाय 3 फूट, उंची 3 फूट. उंची घेताना एक चूक फार होते, टेप उताराला चिकटवून धरतात. तसं केलं तर साडेपाच फुटाच्या जवळ येतं, कारण ती तिरकी लांबी आहे, आपल्याला हवी उभी उंची. म्हणून माथ्यावर एक सरळ पट्टी आडवी ठेवायची, तिचं टोक ढिगाच्या बाहेर काढायचं आणि तिथून खाली जमिनीपर्यंत मापायचं. आणि मापं जुळतात का तेही लगेच कळतं. कोरडी वाळू साधारण 33-34 अंशाच्या उतारावर थांबते, म्हणजे एक फूट चढायला दीड फूट आडवं लागतं. इथे 3 फूट उंचीला 4.5 फूट आडवे, दोन्ही बाजूंनी मिळून 9, आणि 20 मधून 9 गेले 11, 12 मधून 9 गेले 3, बरोबर. ओली वाळू थोडी जास्त उभी राहते, तिथे वरचा आयत मोठा निघतो, पण कोरड्या वाळूत उतार फारच उभा आला तर टेप परत लावा.

आता घनफळ. साइटवर सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे खालचं क्षेत्रफळ 240, वरचं 33, दोन्हींची सरासरी 136.5, गुणिले उंची 3, उत्तर 409.5 घनफूट. चार ब्रासच्या वरच आहे, सही करा, मोकळे व्हा. पण हे उत्तर चुकीचं आहे, आणि नेमकं माल घेणाऱ्याच्या विरोधात चुकीचं आहे.

कारण बघा. ढिगाच्या बरोबर अर्ध्या उंचीवर आडवा काप घेतला तर तिथली लांबी 15.5 आणि रुंदी 7.5 येते, क्षेत्रफळ 116.25. सरासरी मात्र 136.5 सांगते. वर जाताना लांबी आणि रुंदी दोन्ही एकदम कमी होतात, म्हणून क्षेत्रफळ मधल्या थरातच बरंच गळून पडतं, सरासरीला ते दिसतच नाही. मग कुणी म्हणेल मधल्याच कापाला उंचीने गुणा, तर येतं 348.75, ते पण खरं नाही, ते कमी पडतं. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये आहे, पण बरोबर मध्ये नाही. ते मधल्या कापाच्या जास्त जवळ आहे.

किती जवळ ते ब्रह्मगुप्ताने 628 साली लिहिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात खड्ड्यांच्या गणितात सांगितलंय, आणि मला ते आजच्या सूत्रापेक्षा लक्षात ठेवायला सोपं वाटतं. सरासरी बाजूंवरून काढलेलं घनफळ (आपलं 348.75) हे कामचलाऊ, सरासरी क्षेत्रफळावरून काढलेलं (आपलं 409.5) हे ढोबळ. दोन्हींतला फरक घ्या, तीनने भागा, आणि कामचलाऊत मिळवा. फरक 60.75, त्याचा तिसरा भाग 20.25, मिळवले की 369. खड्डा उलटा केला की ढीग, गणित तेच. आजच्या भाषेत:

V = h/6 × (A1 + 4·Am + A2)

यात V घनफळ, h उंची, A1 खालचं, A2 वरचं, Am मधल्या कापाचं क्षेत्रफळ. 240 + 465 + 33 = 738, त्याला 3/6 ने गुणलं की 369. शाळेत शिकवलेलं वर्गमूळवालं सूत्र, h/3 × (A1 + A2 + √(A1·A2)), लावलं तर 362 येतं. ते फक्त वरचा आणि खालचा आयत एकाच प्रमाणात असतील तेव्हाच अचूक, आणि वाळूच्या लांबट ढिगात ते प्रमाण राहत नाही, 20 बाय 12 च्या वर 11 बाय 3 बसलाय बघा, खाली लांबी रुंदीच्या दुप्पटही नाही आणि वर जवळजवळ चौपट.

म्हणजे 400 च्या जागी 369, एकतीस घनफूट कमी. पण थांबा, अजून एक गोष्ट राहिली, कोपरे. आपण धरलं की ढिगाला पिरॅमिडसारखे टोकदार कोपरे आहेत, पण वाळू कधी टोकदार कोपरा धरते का? ती गोल होऊन पसरते, चौरसाच्या जागी पाव वर्तुळ. पिरॅमिडच्या हिशेबात प्रत्येक कोपऱ्यात 4.5 × 4.5 × 3 ÷ 3 म्हणजे 20.25 घनफूट धरलेले असतात, आणि प्रत्यक्षात पाव शंकूइतके, म्हणजे साधारण 15.9. चार कोपरे मिळून सतराच्या आसपास कमी. उरले 352. ढीग जितका उंच आणि लहान तितका हा हिस्सा मोठा. मजुरांना सांगून कोपरे भरून घेतले तर ही वजाबाकी करायची नाही, पण मग भरायला वाळू ढिगातूनच काढावी लागते, म्हणून मापं त्यानंतर घ्यायची.

तळाचंही बघायला हवं. एक सळई घेऊन ढिगात पाच-सहा ठिकाणी जमिनीला लागेपर्यंत खुपसायची, कुठे लवकर अडली तर खाली आधीचा राडारोडा किंवा मातीचा उंचवटा आहे. कडेला वाळू पातळ पसरलेली असते तिथे पायाची मापं घेताना भांडण होतं, मी तर जिथे थर बोटभर होतो तिथे खूण करतो आणि बाहेरची वाळू फावड्याने आत ढकलतो.

आता पुरवठादार काय म्हणतो? "गाडीत चार होती, इथे दबली." हे उलटं आहे. गाडीत हादऱ्यांनी वाळू खाली बसते, उतरवताना ती सैल होते, म्हणजे ढीग थोडा जास्तच दिसायला हवा. हां, पाऊस पडून ढीग पूर्ण भिजला तर खाली बसतो, म्हणून माप उतरवल्याबरोबरच घ्यायचं.

आणि ओलावा ही वेगळीच गंमत. चार-सहा टक्के पाणी असलेली वाळू फुगते, कणांभोवतीची पाण्याची पातळ फिल्म त्यांना लांब ठेवते. काचेच्या सरळ भांड्यात ही वाळू न दाबता 200 मिलीपर्यंत भरा, मग पाणी ओतून ढवळा आणि बसू द्या. वाळू 160 वर थांबली तर फुगवटा 200/160 म्हणजे 25 टक्के. आपला ढीग अशा फुगलेल्या वाळूचा असता तर 352 घनफूट फुगवटा काढून 282 च उरले असते. करारात ओल्या वाळूचं माप आहे की कोरड्या हे आधी ठरलेलं नसेल तर त्यावर नंतर वाद घालायला जागा नाही, पण काँक्रीटमध्ये वाळू मापाने टाकणाऱ्याला हा आकडा हवाच, नाहीतर प्रत्येक बॅचमध्ये वाळू कमी पडते.

त्या दिवशी चलनावर मी मापं लिहिली, 20, 12, 11, 3, 3, आणि खाली 352, ड्रायव्हरने फोन लावला, पलीकडचा म्हणाला सरासरीने बघा ना, सगळे तसंच बघतात.