क्रमशः कथा

एकच गोष्ट तुकड्यांत, ठराविक दिवसांच्या अंतराने वाचकापुढे ठेवायची आणि प्रत्येक तुकडा अशा जागी थांबवायचा की वाचक पुढच्या तुकड्याला परत येईल, या लेखनप्रकाराला मराठीत क्रमशः कथा म्हणतात. तुकड्याला भाग म्हणतात, जुनी माणसं हप्ता म्हणतात, आणि खाली ‘क्रमशः’ लिहायची पद्धत आहे. मूळ संस्कृतात या शब्दाचा अर्थ फक्त ‘क्रमाने’, पण मराठी वाचकाच्या डोळ्याला तो आता ‘अजून बाकी आहे’ असाच दिसतो. वाचक उत्तरादाखल ‘पुभाप्र’ टाकतात, म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. लांब कादंबरी तयार असताना तिचे समान तुकडे करून छापले तर तीही क्रमशः प्रसिद्ध झाली असं म्हणतात, पण या नोंदीत तिचा विचार केलेला नाही, कारण तिथे थांबण्याची जागा पानं ठरवतात, लेखक नाही.

उगम कुठला यावर एकमत नाही. छापील मराठीपुरतं बोलायचं तर सुरुवात मुंबईत झाली असं मानायला चांगला आधार आहे. ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक १८६७ मध्ये मुंबईत निघालं आणि रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी त्यातून क्रमशः येत गेली, पुस्तकरूपाने ती १८७१ ची धरतात. तरी पुष्कळ अभ्यासक खरी सुरुवात हरि नारायण आपट्यांपासून मोजतात. त्यांची ‘मधली स्थिति’ १८८५ च्या सुमारास ‘पुणे वैभव’ मधून येऊ लागली आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही १८९० मध्ये निघालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून साधारण तीन वर्षं चालली. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. क्रमशः छापणं हाच निकष धरला तर मान गुंजीकरांचा. पण मासिकात मध्ये महिना जातो, साप्ताहिकात सातच दिवस, आणि गोष्ट डोक्यात जिवंत राहायला हे अंतर फार महत्त्वाचं असतं, त्यामुळे वाचकाला सवय लागणं हा निकष धरला तर आमचाही कल आपट्यांकडे जातो.

दुसरा वाद याहून जुना आहे. एक मत असं की हा प्रकार युरोपातल्या नियतकालिकांकडून आला. पॅरिसच्या ‘ला प्रेस’ या दैनिकात १८३६ मध्ये बाल्झाकची कादंबरी तुकड्यांत आली, त्याच वर्षी लंडनमध्ये डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ महिन्याला एक भाग अशी सुरू झाली, तोच नमुना छापखान्याबरोबर इकडे पोचला. दुसरं मत म्हणतं की थांबवून बोलावण्याची कला आपल्याकडे आधीपासून होतीच, आणि त्यासाठी वेताळपंचविशी पुढे करतात. आम्हाला वाटतं छपाईची व्यवस्था तिकडून आली हे मान्य करावं, पण थांबण्याच्या जातीबद्दल वेताळाकडून जास्त शिकायला मिळतं.

ते असं. अरबी कथांमध्ये (कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या भाषांतरामुळे त्या मराठीत एकोणिसाव्या शतकातच आल्या) पहाट होते आणि शहाजादी गोष्ट मध्येच तोडते, म्हणजे गोष्ट उघडी राहते. वेताळाचं उलट आहे. त्याची गोष्ट पूर्ण होते, तो प्रश्न विचारतो, राजा उत्तर देतो, प्रश्नही मिटतो, पण राजाचं मौन मोडलं म्हणून वेताळ परत झाडावर जाऊन लटकतो आणि राजाला पुन्हा जावं लागतं. गोष्ट बंद, चौकट उघडी. आजच्या प्रत्येक भागाचा शेवट या दोनांपैकी एका जातीचा असतो, आणि नवीन लिहिणारा जवळजवळ नेहमी फक्त पहिलीच जात वापरतो, तिथेच त्याचा दम जातो.

हे उदाहरणाने बघू. गोष्ट या नोंदीसाठी रचलेली आहे, नऊ भागांची, आठवड्याला दोन भाग, एकेक भाग डोंबिवलीहून दादरला उतरेपर्यंत आरामात वाचून होईल एवढा. लालबागची पागडीची चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय, सगळ्यांना ट्रान्झिटला हलायचंय, आणि नितीन माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढतो. आत रबरबँड लावलेल्या भाडेपावत्यांचे गठ्ठे. बिल्डरच्या ऑफिसात पावती दाखवावीच लागणार म्हणून तो त्या वर्षवार लावत बसतो.

आता पहिला भाग कुठे थांबवायचा? सगळ्यात सोपं म्हणजे ‘तेवढ्यात दार वाजलं’. वाचक येतोही, पण दारात दूधवाला निघाला की त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि असं दोनदा झालं की तो तुमच्या दाराच्या आवाजावर विश्वास ठेवत नाही. दुसरी जागा अशी की डिसेंबर १९८१ पर्यंतच्या सगळ्या पावत्या कुणा काशीबाईच्या नावावर आहेत, जून १९८३ पासून नितीनच्या वडिलांच्या नावावर, आणि मधल्या दीड वर्षाची एकही पावती नाही. इथे थांबलं की बाहेरून काहीच घडत नाही, कोणी ओरडत नाही, तरी लालबाग-परळचा वाचक थबकतो, कारण जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला हे त्याला सांगावं लागत नाही. संपात किती घरं खोलीला कुलूप लावून कोकणात गेली आणि किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून गेली हे त्याच्याच घरात ऐकलेलं असतं. वाचकाकडे आधीच अर्धं उत्तर आहे आणि ते त्याला नको असलेलं आहे, परत येण्याचं कारण हे असतं.

दुसऱ्या भागात नितीन आईला विचारतो. आई म्हणते, अरे लग्न करून आले तेव्हापासून हीच खोली, आपलीच. इथे गेल्या भागाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं, आणि ते लवकर मिळायला हवं, भागाच्या पहिल्या एक-तृतीयांशातच, नाहीतर लेखक वाचकाला ताटकळत ठेवतोय असं होतं. मग भांडी बांधायचं काम चालू राहतं. शेवटी नितीन स्टीलचा डबा पुसतो आणि बुडाशी लग्नातल्या भांड्यांवर कोरतात तशी अक्षरं, आईवडिलांची नावं आणि खाली १२-५-१९८०. ऐंशी साली लग्न आणि खोली तर एक्क्याऐंशीच्या अखेरपर्यंत दुसऱ्याच बाईची. भाग इथे संपतो. आई खोटं बोलली हे वाक्य लेखकाने लिहायचं नाही, बेरीज वाचकाने करायची.

सलग दोन भाग असे उघडे सोडले की तिसऱ्या-चौथ्याला वेताळाची पद्धत घ्यावी. उदाहरणार्थ चौथ्या भागात फक्त काशीबाईचा नवरा, त्याची गिरणीच्या खात्यातली पाळी, संपातले महिने, भांडी विकणं आणि एसटी पकडणं एवढंच, आणि ते पूर्ण होऊ द्यावं, गाडी सुटते तिथे भागाची गोष्ट संपते. वाचक तृप्त होतो पण खोलीचा प्रश्न चौकटीत तसाच लटकलेला असतो. प्रत्येक भाग कड्यावर नेऊन सोडला तर तिसऱ्या कड्यानंतर उंची वाटत नाही. (इंग्रजीत अशा शेवटाला जो कड्याला लटकण्याचा शब्द आहे तो काहीजण थॉमस हार्डीच्या १८७२-७३ मध्ये तुकड्यांत आलेल्या एका कादंबरीशी जोडतात, त्यात एक पात्र खरंच कड्याला लोंबकळतं. शब्द मात्र १९३० च्या दशकापासूनच वापरात दिसतो, त्यामुळे ही व्युत्पत्ती जपूनच घ्यावी.)

बिघडतं ते बहुतेक मधे, इथे पाचव्या-सहाव्या भागाला. अनुभवी लिहिणारे वहीत उधारी ठेवतात, म्हणजे वाचकाला दिलेले पण न सोडवलेले प्रश्न एकाखाली एक. आपल्या गोष्टीत पाचव्यापर्यंत काशीबाई कोण, किल्ली कुणी दिली, पावती नावावर कशी झाली, आईला किती माहीत, एवढे चार झाले. सहाव्यात लेखकाला शेवट सुचला नाही म्हणून त्याने बिल्डरचा माणूस आणि जुनं प्रेमप्रकरण आणलं तर उधारी सहावर जाते आणि आधीचं एकही फिटलेलं नसतं. ओळखायचं कसं, तर वाचकांच्या बोलण्यावरून. सुरुवातीला लोक अंदाज बांधतात, ‘काशीबाई परत आली असणार’, ‘वडिलांनीच अंगठा घेतला असेल’. मग अंदाज थांबतात आणि नुसतं ‘लवकर टाका’ येतं, आणि मग ‘हा कोण होता, आधीच्या भागात होता का’. हे तिसरं वाक्य आलं की वाचक अर्धा गेलेला आहे. उपाय कंटाळवाणा आहे पण एकच आहे, सहाव्यात नवं काही न उघडता जुने दोन प्रश्न सरळ सोडवायचे.

दुसरी अडचण या प्रकाराचीच आहे, गेलेला भाग मागे घेता येत नाही. समजा पाचव्यात ओघात लिहिलं गेलं की वडील संप मिटल्यावर पहिल्यांदा मुंबईत आले, तर डब्यावरचं १९८० आणि आईचं ‘हीच खोली’ दोन्ही कोसळतात. पुस्तकात हे दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त होतं. इथे वाचकाने ती तारीख दहा दिवस मनात घोळवलेली असते, तो लगेच पकडतो आणि पकडण्यात त्याचं चूकही नाही. म्हणून तारखा, नाती आणि कुणाला काय कधी कळलं याचा कागद पहिल्या भागाआधी हवा, आणि पहिला भाग टाकताना पुढचे तीन तरी लिहून हातात हवेत. अर्धवट सुटलेल्या बहुतेक गोष्टी कल्पना संपून सुटत नाहीत, हातातला साठा संपलेला असतो आणि मध्ये ऑफिस, आजारपण, परीक्षा काहीतरी येतं. दोन आठवडे गेले की लेखकालाच आपला मागचा भाग वाचावा लागतो.

फोनवरून फोनवर फिरणाऱ्या क्रमशः कथांबद्दल थोडंच सांगता येतं. त्यात लेखकाचं नाव गळतं, भाग मागेपुढे पोचतात, आणि चौथा भाग आधी मिळालेला वाचक पहिल्यासाठी ओळखीपाळखीत विचारत फिरतो. अशा वाचनाला वेताळाच्या जातीचे भाग जास्त टिकतात, कारण एकटा मिळाला तरी भाग पुरा असतो.

शेवटच्या भागाखाली ‘समाप्त’ लिहितात आणि त्यात नवा प्रश्न चालत नाही, पण सगळी उधारी फेडायचीच असंही नाही. आपल्या गोष्टीत काशीबाईची मुलगी सावंतवाडीजवळ सापडते, किल्ली विश्वासाने दिली होती हे कळतं, नाव कसं चढलं तेही. आईला किती माहीत होतं हे मात्र आईने सांगितलेलं नाही. नितीन करारावर सही करायला जातो, पिशवीत दोन्ही गठ्ठे आहेत, आणि टेबलावर तो आधी काशीबाईच्या पावत्या ठेवतो.