पगारदार तरुणांसाठी गुंतवणुकीच्या प्राथमिक माहितीचे विनामूल्य वेबिनार: पात्रता, नोंदणी आणि आधी तपासायची कागदपत्रे

नोकरीला लागून एक-दोन वर्षे झालेल्या, बँकेत दरमहा पगार जमा होणाऱ्या आणि त्यातून पहिल्यांदाच म्युच्युअल फंडात एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेचा हप्ता, सुरू करू पाहणाऱ्या सोलापूर शहर व जिल्ह्यातील तरुणांसाठी येत्या रविवारी सकाळी ११ ते १२.३० या वेळेत ऑनलाइन वेबिनार ठेवले आहे. ते पूर्णपणे मराठीतून होईल आणि त्यासाठी कोणतेही शुल्क नाही. कोणता फंड घ्यावा याची चर्चा आपल्याला इतरत्र भरपूर ऐकायला मिळते, म्हणून या दीड तासात आम्ही त्याच्या आधीच्या टप्प्यावर भर देणार आहोत. पहिला अर्ज कागदपत्रांमुळे का अडकतो, तो अडकू नये म्हणून काय तपासावे आणि पहिला हप्ता योग्य रीतीने गेला हे कसे ओळखावे, एवढाच विषय आहे.

कोणाला सहभागी होता येईल

वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली आणि पगार किंवा नियमित मानधन मिळणारी कोणतीही व्यक्ती नोंदणी करू शकते. चिंचोळी किंवा अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीत काम करणारे, दवाखाने, शाळा, पतसंस्था आणि दुकानांमधील कर्मचारी, तसेच नोकरीसाठी पुण्याला गेलेले पण बँक खाते आणि आधारवरील पत्ता अजून सोलापूर, बार्शी किंवा पंढरपूरचाच असलेले तरुण यांचा आम्ही विशेष विचार केला आहे. पगार रोखीने मिळत असेल तरी हरकत नाही, मात्र हप्ता स्वतःच्या बँक खात्यातूनच जावा लागतो, त्यामुळे असे खाते हवे. जे आधीपासून शेअरबाजारात रोजचे व्यवहार किंवा फ्युचर्स-ऑप्शन्स करतात त्यांना या सत्रात नवे काही मिळणार नाही, त्यांनी जागा अडवू नये ही विनंती.

सत्रात कोणत्याही शेअरची किंवा फंडाची शिफारस केली जाणार नाही. केवळ शिक्षण देणाऱ्यांनी एखाद्या रोख्याबद्दल बोलताना गेल्या तीन महिन्यांतील बाजारभाव वापरू नयेत असे बंधन शेअरबाजाराची नियामक संस्था सेबी हिने २०२५ मध्ये घातले, आणि आमची सर्व उदाहरणे काल्पनिक आकड्यांची असतील.

नोंदणी

नोंदणी अर्जात फक्त नाव, मोबाइल क्रमांक, ईमेल, तालुका आणि विचारायचा एक प्रश्न एवढेच भरायचे आहे. अर्ज भरल्यावर ईमेलवर दुवा येतो आणि रविवारी त्याच दुव्याने सत्रात येता येते. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती नाही. पॅन, आधार, बँक खाते किंवा ओटीपी यांपैकी काहीही या नोंदणीसाठी लागत नाही. आमच्या नावाने कोणी ते मागितले, तर तो संदेश खोटा समजावा. मोफत वेबिनारचे आमंत्रण देऊन नंतर व्हॉट्सअॅप गटात ओढणे आणि तेथून एखाद्या बनावट अॅपमध्ये पैसे भरायला लावणे ही फसवणुकीची रुळलेली पद्धत आहे, म्हणून हा खुलासा आधीच करत आहोत.

स्वतःजवळ ठेवायची कागदपत्रे

पॅन कार्ड, आधार, बँकेचे पासबुक किंवा नाव छापलेला रद्द केलेला धनादेश, आणि आधारशी जोडलेला मोबाइल ही चार साधने सत्राच्या वेळी समोर असावीत. ती आम्हाला दाखवायची नाहीत, आपली आपणच ताडून पाहायची आहेत. पाहायचे काय, तर तिन्ही कागदांवरील नाव आणि पॅन व आधारवरील जन्मतारीख अक्षरशः जुळते का. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर वडिलांचे नाव मध्ये असते, बँकेत मधल्या नावाचे केवळ आद्याक्षर असते आणि पॅनवर कधी कधी ते मुळीच नसते. माणसाला यात एकच व्यक्ती दिसते, पण पडताळणी करणारी यंत्रणा अक्षरे जुळवते, आणि म्हणून सोलापुरात काय किंवा अन्यत्र काय, पहिला अर्ज अडण्याचे मोठे कारण नावच ठरते.

अर्ज अडला आहे का, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. आपली केवायसी, म्हणजे ओळख पडताळणीची, नोंद केआरए या सेबी-नोंदणीकृत संस्थांकडे असते आणि त्यांच्या संकेतस्थळावर पॅन क्रमांक टाकला की स्थिती दिसते. `KYC Validated` दिसले तर कोणत्याही फंड कंपनीत नव्याने गुंतवणूक करता येते. `KYC Registered` याचा अर्थ नोंद आहे, पण आधारची स्रोताकडून पडताळणी झालेली नाही. अशा वेळी जेथे आधीच गुंतवणूक आहे तेथे व्यवहार चालू राहतात, नव्या फंड कंपनीत जाताना मात्र केवायसी पुन्हा करावी लागते. `On Hold` असेल तर बहुधा मोबाइल किंवा ईमेलची खात्री झालेली नसते किंवा कागदपत्रात त्रुटी असते. नोंदच नसेल तर आपण अगदी नवे आहात, आणि हे खरे तर सोपे प्रकरण आहे, कारण डिजिलॉकरमधून आधार घेऊन केलेली नवी केवायसी थेट पहिल्या स्थितीला पोहोचू शकते. अर्थात पॅन आधारशी जोडलेले असले पाहिजे. न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय मानले जाते.

एक प्रकरण, सविस्तर

सत्रात जे उदाहरण आम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवणार आहोत, ते थोडक्यात येथे देतो. चिंचोळीतील एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करणारी २५ वर्षांची एक विवाहित तरुणी, हातात येणारा पगार २२,००० रुपये, तो दर महिन्याच्या ७ तारखेला जमा होतो आणि तिला २,००० रुपयांची एसआयपी सुरू करायची आहे. तिचे पॅन आणि बँक खाते माहेरच्या नावाने आहे, आणि लग्नानंतर आधार मात्र सासरच्या आडनावाने अद्ययावत केले आहे.

येथे बहुतेक जण तिला सगळी कागदपत्रे सासरच्या नावावर करून घ्यायला सांगतील. तशी सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. तिन्ही कागदांवर एकच नाव असावे एवढीच गरज आहे, आणि ते कोणते हे तिने ठरवायचे. ती माहेरचे नाव ठेवणार असेल तर फक्त आधार बदलावे लागेल, पण आधारवरील नाव आयुष्यात साधारणपणे दोनदाच बदलता येते आणि तिची एक संधी वापरून झाली आहे. सासरचे नाव ठेवायचे असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडून आधी पॅन दुरुस्त करावे, मग नवे पॅन आणि आधार घेऊन बँकेत जावे, आणि सर्वांत शेवटी केवायसीला हात घालावा. हा क्रम उलटा केला, म्हणजे जुन्याच पॅनवर घाईने केवायसी अर्ज भरला, तर तो नावाच्या तफावतीमुळे परत येतो आणि तेच काम पुन्हा करावे लागते. आमच्या मते तिच्यासाठी दुसरा मार्ग सुरक्षित आहे, कारण त्यात आधारची उरलेली संधी शाबूत राहते.

केवायसी झाल्यावर अर्जात नॉमिनीचे नाव द्यावे लागते किंवा नॉमिनी नोंदवायचा नाही असे स्पष्ट कळवावे लागते. तो रकाना घाईने टाळू नये, नंतर घरच्यांना होणारी धावपळ मोठी असते. याच अर्जात डायरेक्ट की रेग्युलर असा पर्याय येतो. रेग्युलरमध्ये वितरकाचे कमिशन फंडाच्या खर्चातून जाते, डायरेक्टमध्ये ते नसते, पण मग निवडीची जबाबदारी सर्वस्वी आपली.

त्यानंतर बँकेला हप्ता वजा करण्याची कायम परवानगी द्यायची असते, तिला मँडेट म्हणतात. त्यात कमाल रक्कम विचारली जाते आणि तेथे नवखे लोक बिचकतात. तिने ५,००० लिहिले तरी खात्यातून ५,००० जाणार नाहीत. एसआयपी २,००० ची आहे तर २,०००च जातील, आणि पुढे पगार वाढल्यावर नवे मँडेट न करता हप्ता वाढवता येईल. पाच-दहा लाखांची मर्यादा लिहिण्याचेही काही कारण नाही.

तारीख १० निवडावी असे आम्ही सुचवू. पगार ७ तारखेचा असला तरी रविवार किंवा सुटीमुळे तो एक-दोन दिवस पुढे जाऊ शकतो, आणि खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता परत जातो. फंड कंपनी त्यासाठी दंड करत नाही, पण बँक शुल्क लावते, आणि २,००० च्या हप्त्यावर ते चांगलेच जाणवते. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते परत गेले की ती रद्द होते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचा खर्च ठरलेला असेल, तर त्या महिन्याचा हप्ता आधीच थांबवण्याची विनंती करणे हे तो परत जाऊ देण्यापेक्षा बरे, आणि तशी सोय अनेक फंड कंपन्या देतात. विनंती हप्त्याच्या काही दिवस अगोदर करावी लागते, आदल्या रात्री नाही.

पहिला हप्ता गेल्यावर तपासणी सोपी आहे. २,००० रुपयांवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे १० पैसे वजा होतात आणि उरलेल्या १,९९९.९० रुपयांचे युनिट मिळतात. त्या दिवशीचा एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, ४० रुपये धरला तर विवरणपत्रात ४९.९९८ युनिट दिसले पाहिजेत. एनएव्ही कोणत्या दिवसाचा लागतो, तर पैसे फंडाच्या खात्यात प्रत्यक्ष पोहोचतात त्या दिवसाचा. म्हणून १० तारखेच्या हप्त्याला ११ किंवा १२ तारखेचा भाव लागलेला दिसला, तर ती चूक नव्हे.

पैसे कोणाकडे गेले हे मात्र न चुकता पाहावे. फंडाचे पैसे कधीही व्यक्तीच्या खात्यावर किंवा वैयक्तिक यूपीआयवर भरायचे नसतात. ऑक्टोबर २०२५ पासून सेबी-नोंदणीकृत संस्थांसाठी `@valid` असलेले यूपीआय पत्ते सुरू झाले आहेत आणि म्युच्युअल फंडांच्या पत्त्यात त्याआधी `.mf` असते. दलाल, नातेवाईक किंवा कार्यालयातील सहकारी "माझ्या खात्यावर टाक, मी भरतो" असे म्हणाला, तर त्याचा हेतू चांगला असला तरी तो भरणा नियमात बसत नाही, कारण फंड कंपन्या त्रयस्थ खात्यातून आलेले पैसे स्वीकारत नाहीत.

शेवटचा अर्धा तास प्रश्नांसाठी आहे. नोंदणी अर्जात आलेले प्रश्न आधी घेतले जातील, त्यामुळे आपल्या केवायसीची स्थिती पाहून ठेवून तेथे काय लिहून आले ते प्रश्नात जसेच्या तसे लिहावे, पॅन क्रमांक मात्र लिहू नये. सहभागी आपली वैयक्तिक अडचण मोकळेपणाने सांगतात म्हणून सत्राचे ध्वनिचित्रमुद्रण होणार नाही. नोंदणी शनिवारी सायंकाळी ६ वाजता बंद होईल.